नऊ नंबरचं सोललेलं अंडं

लोक मुलांचे दुधाचे दात जपून ठेवतात. स्लाइडकाकांनी मुलाच्या पोटातल्या जंतांची अंडी जपून ठेवली होती.

याला एकोणीस वर्षं झाली होती. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता, पोट दुखतं म्हणून रडत होता, आणि काका लॅब टेक्निशियन तयार करणाऱ्या एका कॉलेजात प्रात्यक्षिकाच्या खोलीचे सर्वेसर्वा होते. म्हणजे झाडण्यापासून स्लाइड लावण्यापर्यंत सगळं तेच करायचे. मुलाच्या शौचाचा नमुना त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि पाहतच राहिले. पाठ्यपुस्तकात इतकी सुबक अंडी नव्हती. गोलसर, पित्ताने रंगून सोनेरी तपकिरी झालेली, बाहेरून फणसासारखी गाठीगाठींची, आत एकच मोठी पेशी आणि तिच्या दोन टोकांना दोन चंद्रकोरी मोकळ्या. फलित अंडं म्हणतात ते हे. आधी मुलाला औषध दिलं. मग काकांनी फॉर्मेलिन गरम केलं आणि उरलेल्या नमुन्यावर ओतलं, कारण गार फॉर्मेलिनमध्ये ही अंडी काही केल्या मरत नाहीत, आतल्या आत वाढत बसतात. मग सगळं एका बुटक्या बाटलीत भरून वर चिठ्ठी लावली : ‘फलित’.

“अहो, घरात सांगू नका कुणाला,” बायको म्हणाली होती.

“घरात कशाला? कॉलेजात ठेवतोय,” काका म्हणाले होते.

पुढे जंतांच्या गोळ्या इतक्या वाटल्या गेल्या की नमुने यायचेच बंद झाले. समाज सुधारला आणि काकांची पंचाईत झाली. परीक्षेला दरवर्षी अंडी तर लागतातच. तेव्हापासून त्या एका बाटलीवर एकोणीस तुकड्या पास झाल्या. मुलगा आता दूरच्या शहरात नोकरीला होता, रविवारी फोन करायचा आणि ठेवता ठेवता विचारायचा, “बाबा, फेकलंत का ते?” काका म्हणायचे, “हो हो.” मग तो फोन ठेवायचा. अलीकडे फोन दर रविवारी यायचा असंही नाही.

शेजारी आणखी दोन बाटल्या होत्या. ‘अफलित’ची बाटली कॉलेजच्या जुन्या वॉचमनची. नर जंत नसला तरी मादी अंडी घालायची थांबत नाही. ती अंडी लांबुळकी निघतात, कवच पातळ, गाठी कुठे आहेत कुठे नाहीत, आणि आत पेशी वगैरे काही नाही, नुसते चकाकणारे दाणे, अडगळीच्या खोलीसारखे कोंबलेले. “तुमच्या पोटात सगळ्या माद्याच दिसतायत,” असं काकांनी सांगितल्यावर वॉचमन दोन दिवस मान वर करून बोलला नव्हता. तिसरी बाटली होती ‘डीकॉर्टिकेटेड’ची. काका तिला ‘सोललेली’ म्हणत. गाठींचं वरचं पांघरूण गळून गेलेलं, कवच जाड पण गुळगुळीत, रंग जवळजवळ नाहीच. ही अंडी दुर्मीळ. त्या बाटलीत मोजून दहा-बारा असतील, आणि ती शोधता शोधता मानेचा काटा ढिला व्हायचा. म्हणून सोललेलं अंडं परीक्षेला काका सहसा ठेवायचेच नाहीत. ही गोष्ट मुलांना माहीत होती. मुलांना अभ्यासक्रमापेक्षा काका जास्त पाठ असायचे.

काकांचं सगळं असं चोख होतं. फक्त गेल्या वर्षीच्या तापानंतर त्यांचं नाक गेलं होतं. जागेवर होतं, चालत नव्हतं. घरी दूध करपलं की बायकोला कळायचं, काकांना धूर दिसायचा. डोळ्यांना तर तीस वर्षांच्या फॉर्मेलिनने कायमचं पाणी, त्यामुळे झोंबतंय काय नि काय हेही कळत नव्हतं. नाकाचं त्यांनी कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते, तेवढे दिवस नाकाशिवाय निघतील असा त्यांचा हिशेब.

यंदा परीक्षेला बसलेल्यांत एक मुलगी होती, तिला सगळे ‘चौथी’ म्हणत. ही तिची चौथी खेप होती, आणि नियमाप्रमाणे शेवटची. पहिल्या खेपेला तिने अफलित अंडं पाहून ‘भाजीचा तुकडा’ लिहिलं. दुसऱ्या खेपेला सोललेलं अंडं पाहून ‘हुकवर्म’ लिहिलं, म्हणजे दुसऱ्याच जंताचं नाव. काकांनी ते अंडं ठेवलं ते एकाच वर्षी, आणि ते नेमकं तिच्या. तिसऱ्या खेपेला समोर स्वच्छ फलित अंडं होतं, पण इतकं सोपं कसं असेल, म्हणून तिने खोडलं. एका छोट्या दवाखान्याच्या लॅबमध्ये ती पाच वर्षं परीक्षानळ्या धूत होती. प्रमाणपत्र मिळालं तर तपासण्या तिच्याकडे येणार होत्या. नाही मिळालं तर नळ्या होत्याच.

दोन महिने ती रोज दुपारी येऊन काकांच्या स्टुलावर बसली. काका स्लाइड लावायचे, ती पाहायची.

“काय दिसतंय?”

“फर्टिलाइज्ड.”

“नाव नको. दिसतंय काय ते सांग. नाव ठेवायला बारसं आहे का?”

“गोल आहे. बाहेर गाठी. आत एक गोळा. दोन्ही टोकांना कोर.”

“आता हे?”

“गाठी नाहीत. गुळगुळीत. पांढरट. हे… हुकवर्म?”

“कवच बघ की. हुकवर्मचं कवच असं असतं होय? ते कागदासारखं पातळ, आणि आत पेशीचे चार-आठ तुकडे पडलेले. याचं कवच बघ, केवढं जाड. आत तुकडे आहेत?”

“नाही. एकच.”

“मग?”

“मग कोट काढून बसलंय.”

“हां. कोट काढला म्हणून माणूस बदलत नाही.”

शेवटच्या आठवड्यात ती दहापैकी दहा सांगू लागली. काकांनी तोंडावर कौतुक केलं नाही, पण त्या दिवशी दिवा तिने न सांगताच बंद केला तेव्हा ते म्हणाले, “जमेल तुला.” एवढं त्यांनी मुलालाही कधी म्हटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी दहा सूक्ष्मदर्शक ओळीने लागले. प्रत्येकाच्या वरच्या भिंगात एक काळी सुई दिसते, जे ओळखायचं त्याच्यावर टोक धरलेली. ती सुई म्हणजे केस असतो. काकांनी दहाही केस स्वतःच्या डोक्याचे चिकटवले होते, ज्या काळी ते देणं परवडत होतं. आता डोक्यावर काही उरलं नव्हतं. जे होतं ते दहा भिंगांत होतं.

नऊ नंबरवर मुलाचं फलित अंडं लावलं. विभागप्रमुख मॅडमनी पाहिलं, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पाहिलं. हे बाहेरचे सर शांत, बारीक आवाजाचे, आणि कुठेही गेले तरी आत शिरल्याबरोबर बाहेर पडायची गाडी विचारणारे. उत्तरांचा कागद तयार झाला : ‘नऊ – फर्टिलाइज्ड’. दोघांनी सह्या केल्या. प्रश्न एवढाच : सुईच्या टोकाचं अंडं फर्टिलाइज्ड, अनफर्टिलाइज्ड की डीकॉर्टिकेटेड? बरोबर असेल तर दोन गुण, नाहीतर शून्य.

पहिली बॅच आत घेण्याआधी काकांनी ‘फलित’ची बाटली उजेडात धरली. वरचं पाणी गढूळ झालं होतं. त्यांनी ते पिचकारीने ओढून काढलं, गाळ तेवढा तळाशी ठेवला, आणि कपाटातून ताजं फॉर्मेलिन ओतून बाटली काठोकाठ भरली.

ते फॉर्मेलिन नव्हतं. ते हायपो होतं, वापरलेल्या स्लाइडी बुडवायला ठेवतात ते ब्लीचचं पाणी. दोन्ही पाण्यासारखी, दोन्ही एकसारख्या बाटल्यांत, आणि चिठ्ठ्या केव्हाच ओघळून गेलेल्या. कारण आजवर चिठ्ठीची गरज पडली नव्हती. बूच उघडलं की नाकाला कळायचं.

पहिली बॅच झाली. दर दोन मिनिटांनी घंटा, घंटेसरशी दहा मुलं एक-एक घर सरकायची. दुपारी ती बाहेर पडली आणि दुसरी बॅच रांगेत उभी राहिली. मधल्या वेळात काकांनी नऊ नंबर पाहिला तर काचेखाली हवा शिरलेली, पाणी सुकलेलं, अंडं चेपलेल्या डब्यासारखं.

“काका, झालं का? सरांची साडेपाचची गाडी आहे!” मॅडम दारातून म्हणाल्या.

“दोनच मिनिटं, मॅडम.”

काकांनी बाटलीतून थेंब घेतला, वर काच ठेवली, छोट्या भिंगाखाली एक गोल ठिपका हुडकून केसाच्या टोकाशी आणला, मोठं भिंग फिरवलं. त्या सूक्ष्मदर्शकाचा दिवा जुना, पिवळा; त्याच्या उजेडात सगळंच पित्ताने रंगल्यासारखं दिसायचं. फोकस नीट करायला ते वाकले आणि घंटा वाजली. मुलं आत आली. काका बाजूला झाले. एकोणीस वर्षं ज्या बाटलीतून एकच गोष्ट निघाली, तिच्यातून आज वेगळं काय निघणार?

चौथी नऊ नंबरवर आली तेव्हा काका खिडकीपाशी उभे होते. बाकीची मुलं त्या भिंगाला जेमतेम डोळा लावत होती आणि लगेच लिहीत होती. ही वाकली ती वाकलेलीच राहिली. एकदा मान वर केली, काकांकडे पाहिलं, परत वाकली. बारीक फोकसचं बटण पुढे-मागे, पुढे-मागे. काकांना वाटलं, गेली. सोपं दिसलं की हिचं डोकं फिरतं. घंटा वाजता वाजता तिने एक शब्द लिहिला. लांब शब्द होता.

परीक्षा संपली. गुण द्यायला मॅडम आणि सर शेजारच्या खोलीत बसले. व्हरांड्यात दुसऱ्या बॅचचा गलका चालला होता.

“नऊला काय लिहिलंस गं?”

“डीकॉर्टिकेटेड,” चौथी म्हणाली.

“मेलीस! अगं, पहिल्या बॅचने सांगितलं होतं ना, नऊ फर्टिलाइज्ड म्हणून!”

“मला गाठी नाही दिसल्या.”

“दिसायच्या कशाला? माहीत होतं ना!”

काका दिवे बंद करत होते. पहिला, दुसरा, तिसरा. नववा बंद करण्याआधी त्यांनी सवयीने डोळा लावला.

कवच जाड. गुळगुळीत. दोन रेघा स्वच्छ. आत एक पेशी, दोन कोरी. गाठी नाहीत. एकही नाही.

काकांनी डोळा पुसून परत पाहिलं. मग ते आतल्या खोलीत गेले, बाटलीतून नवीन थेंब घेऊन दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर लावला. आठ अंडी दिसली. आठही गुळगुळीत. आणखी एक थेंब. सहा. सहाही तशीच, न्हाव्याकडून एका रांगेत उठून आल्यासारखी. बाटली बाटलीच सोलून निघाली होती. ब्लीचला त्याचंच तर कौतुक. वरचं पांघरूण तेवढं खातं आणि आतल्याला हात लावत नाही. काकांनी कपाटातली बाटली उघडून नाकाशी धरली. मग दुसरी. दोन्हीतून काहीच आलं नाही.

मुलाचं शेवटचं जे काही त्यांच्या हाताखाली शिल्लक होतं, ते आता ओळखू येणार नव्हतं. पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता. बाहेर एक मुलगी बरोबर उत्तर लिहून नापास होत होती.

ते धावत परत आले. सफाईच्या मावशी दहाही स्लाइडी गोळा करून हायपोच्या बादलीत टाकून मोकळ्या झाल्या होत्या.

“मावशी! नऊ नंबरची कुठाय?”

“बादलीत. तुम्हीच म्हणता ना, परीक्षा झाली की लगेच बादलीत?”

काका बादलीपुढे उभे राहिले. स्लाइड काढता आली असती. पण त्या पाण्यात आता कुठलंही फलित अंडं घाला, ते सोललेलंच निघणार. पुरावा होता, आणि तो काहीही सिद्ध करू शकत नव्हता.

शेजारच्या खोलीत सरांनी शेवटची बेरीज केली होती. तोंडी परीक्षेचे गुण धरून पास व्हायला वीस हवेत. चौथीचे एकोणीस झाले होते.

“सर, एक चूक झालीय,” काका दारातच म्हणाले. “माझ्याकडून.” आणि त्यांनी सगळं सांगितलं. गढूळ पाणी, दोन बाटल्या, सुकलेली स्लाइड. “दुसऱ्या बॅचला नऊ नंबर डीकॉर्टिकेटेड होतं. त्या मुलीने बरोबर लिहिलंय. तिने एकटीने पाहिलं.”

मॅडम म्हणाल्या, “काका, ती मुलगी दोन महिने तुमच्याकडे येऊन बसत होती ना?”

“होती.”

“आणि आता तीच एका गुणाने गेलीय, तर नेमका तिच्याच बॅचचा नऊ नंबर चुकला?”

ऐकायला ते काकांनाही खोटंच वाटलं.

“बाटली बघा, सर. सगळी अंडी सोललेली आहेत.”

“असतील,” बाहेरचे सर शांतपणे म्हणाले. “पाच मिनिटांपूर्वी तुम्ही हायपो ओतलं असलं तरी तशीच असतील. हे बघा, तुमचं खरं असेल तर मी दुसऱ्या बॅचसाठी नऊ नंबर रद्द करतो. सगळ्यांना दोन-दोन गुण. तीही पास. माझं काही जात नाही. पण मला एक सांगा, तीस वर्षं फॉर्मेलिनमध्ये काढलेला माणूस हायपोला फॉर्मेलिन समजेल? आंधळ्यालासुद्धा वासाने कळतं.”

काका दारातून दोन पावलं आत आले.

“मला वास येत नाही,” काका म्हणाले. “वर्ष झालं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “वर्ष? आणि तुम्ही ॲसिडच्या कपाटात हात घालताय?”

“हो.”

“मग हे तपासता येईल,” सर म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं, प्रात्यक्षिकाचा माणूस. त्यांनी मावशींकडून दोन्ही बाटल्या मागवल्या, पाठ करून त्यांची अदलाबदल केली की नाही ते कुणालाच कळू न देता टेबलावर ठेवल्या. “काका, यातलं फॉर्मेलिन कुठलं?”

आता काय करायला हवं ते काकांना लख्ख दिसत होतं. चुकायला हवं होतं. चुकलं तर नाक गेलेलं सिद्ध होईल, चार महिने आधीच घरी बसावं लागेल, आणि ती मुलगी पास होईल. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मुद्दाम चुकायचं होतं. पण मुद्दाम चुकायला बरोबर काय ते माहीत लागतं.

“मला खरंच माहीत नाही, सर.”

“असं म्हणायला काय, कुणीही म्हणेल. एक बोट ठेवा.”

काकांनी डावी बाटली उचलली, बूच काढून नाकाशी धरली. काही नाही. उजवी. काही नाही. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते सकाळपासून येतच होतं. दारात मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, त्यांना दोन्ही वास येत होते. काकांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मावशींना वाटलं, काका अडकलेत, त्यांना बरोबर उत्तर हवंय. त्यांनी डोळ्यांनी उजव्या बाटलीकडे खुणावलं. काकांना वाटलं, मावशींना सगळं कळलंय, त्या चुकीचं उत्तर दाखवतायत.

काकांनी उजव्या बाटलीवर बोट ठेवलं.

सरांनी ती बाटली उचलून हुंगली, डोळे मिटले, मान हलवली.

“फॉर्मेलिनच आहे,” ते म्हणाले. “नाक उत्तम आहे तुमचं. उगाच घाबरवलंत मॅडमना.” त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गुणांच्या कागदावर सही केली. मॅडमनी खाली सही केली. लिफाफ्याला डिंक लागला.

“काका, तुमचं मन मोठं आहे, ते कळतं मला,” मॅडम जाता जाता हळूच म्हणाल्या. “पण असं नसतं करायचं.”

मावशी व्हरांड्यात त्यांच्या मागे आल्या. “वाचवलं की नाही तुम्हाला?” त्या म्हणाल्या.

“हो,” काका म्हणाले. “वाचवलंत.”

चौथी पायरीवर बसून होती. बाकीची मुलं गेली होती. निकाल तिला काकांच्या चालण्यावरूनच कळला.

“नऊ नंबर काय होतं, काका?”

“सोललेलं.”

“म्हणजे मी बरोबर होते?”

“हो.”

“आणि बाकीचे?”

“ते पास झाले.”

ती थोडा वेळ पायरीवरचा पोपडा नखाने काढत राहिली. मग म्हणाली, “आणखी एकदा दाखवता? उद्यापासून बघायला कुठे मिळणार?”

काकांनी खोली परत उघडली. नवव्या सूक्ष्मदर्शकाचा पिवळा दिवा लावला, बाटलीतून थेंब घेतला. या खेपेला त्यांनी फोकस नीट केला. ती वाकली.

“गाठी नाहीत,” ती म्हणाली. “कवच जाड, गुळगुळीत. आत एकच पेशी, तुकडे नाहीत, म्हणून हुकवर्म नाही. दाणे भरलेले नाहीत, म्हणून अनफर्टिलाइज्ड नाही. दोन्ही टोकांना कोर.” मग डोळा न काढताच म्हणाली, “किती चांगलं दिसतंय, काका. कुणाचं आहे?”

“माझ्या मुलाचं,” काका म्हणाले.

ती आणखी बराच वेळ पाहत राहिली. मग दिवा तिनेच बंद केला, सवयीने ओट्यावरच्या दोन रिकाम्या परीक्षानळ्या धुवून उपड्या घातल्या, आणि गेली.

काकांनी बाटलीवरची एकोणीस वर्षांची चिठ्ठी नखाने खरवडली. नवीन कापून तिच्यावर लिहिलं : ‘सोललेली’. आता ती हवी तितकी होती, मान मोडून शोधायचं कारण नव्हतं. पुढच्या वर्षी नऊ नंबरवर हेच लागेल, पहिली बॅच दुसरीला सांगेल, आणि सगळे बरोबर लिहितील.

फलितची जागा फळीवर रिकामी राहिली. काकांनी कपाटातल्या दोन्ही बाटल्या घेतल्या, चिठ्ठ्या लिहून ठेवाव्यात म्हणून पेन उघडलं, आणि कुठल्या बाटलीवर काय लिहायचं ते न कळून मावशींना हाक मारली. मावशी घरी गेल्या होत्या.